बोअरचा आकार ठरवतं कोण? ग्राइंडिंग, होनिंग आणि लॅपिंग

ट्रॅक्टरचं इंजिन रीबोअर होऊन आलं की मालक आधी बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, टॉर्च मारून बघतात. आतून लखलखीत दिसलं की काम झकास झालं असं त्यांना वाटतं. इंदूरच्या सांवेर रोडवर इंजिनाच्या कामात असताना हे मी कायम बघतो, आणि दर वेळी सांगतो की चमक बघू नका, रेघा बघा. चांगल्या सिलिंडर बोअरमध्ये एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसायला हवी. ती जाळी होनिंगमधून येते. ग्राइंडिंग किंवा लॅपिंग करून ती मिळत नाही.

ही तिन्ही कामं धातू घासूनच होतात, कणही बहुतेक त्याच जातीचे असतात: ॲल्युमिनियम ऑक्साइड, सिलिकॉन कार्बाइड, नाहीतर हिरा. मग फरक कुठे आहे? भोकाचा अंतिम आकार कोण ठरवतं, या एका प्रश्नात तो फरक आहे. ग्राइंडिंगमध्ये आकार मशीन ठरवतं, होनिंगमध्ये मुख्यतः ते भोकच ठरवतं, आणि लॅपिंगमध्ये लॅप, म्हणजे पेस्ट लावून घासायचं मऊ धातूचं हत्यार. एवढं लक्षात ठेवलं की कोणतं काम कुठे चालेल आणि कुठे फसेल हे बरंचसं आपोआप कळतं.

आधी ग्राइंडिंग पाहू. आतून ग्राइंडिंग करताना भोकापेक्षा लहान चाक सेकंदाला साधारण 30 मीटर वेगाने फिरतं आणि भोकाच्या भिंतीला एका अरुंद पट्टीत टेकतं. चाकाचा आस कुठे असावा हे मशीनचा स्पिंडल आणि स्लाइड ठरवतात. त्यामुळे आधीचं भोक तिरकं किंवा जागेवरून सरकलेलं असलं, तरी मशीन ते हव्या त्या जागी नव्याने कोरून काढू शकतं. कडक केलेल्या गिअरचं भोक दातांशी एककेंद्री हवं असेल, तर त्याला ग्राइंडिंगच लागतं. पण मशीनची जी चूक असेल तीही कामात उतरते. खोल आणि अरुंद भोकात चाक धरणारा दांडा लांब आणि बारीक असतो, तो दाबाने वाकतो, आणि भोकाचं तोंड व तळ यांचं माप जुळत नाही. शिवाय एवढ्या वेगात, एवढ्याशा जागी घासल्यामुळे उष्णता खूप होते. पाण्याची धार नीट नसेल तर पृष्ठभाग भाजतो, कडक पोलादाची कडकाई जाते आणि बारीक चिराही पडतात.

इंजिनाचे सिलिंडर एके काळी ग्राइंड करत असत. ब्लॉक इतका मोठा आणि वेडावाकडा असतो की तो फिरवणं अवघड, म्हणून अमेरिकेतल्या जेम्स हील्ड यांनी 1905 मध्ये असं मशीन आणलं की ज्यात ब्लॉक स्थिर राहतो आणि फिरणारं चाकच बोअरच्या आसाभोवती घिरट्या घालतं. तेव्हा ती मोठीच सुधारणा होती. पुढे होनिंग आलं आणि सिलिंडरच्या शेवटच्या हातासाठी तेच रूढ झालं.

होनिंगमध्ये चाक नसतं. एका गोल बॉडीवर घासणाऱ्या कणांचे लांबट स्टोन बसवलेले असतात आणि आतला शंकू दाबला की ते बाहेर सरकतात. हे डोकं बोअरमध्ये गोल फिरतं आणि त्याच वेळी खालीवर होतं. वेग मिनिटाला 40–50 मीटर, म्हणजे ग्राइंडिंगच्या चाकापेक्षा साधारण चाळीस पट कमी. 100 मिमी लांब आणि 10 मिमी रुंद असे चार स्टोन असले, तर एका वेळी 40 चौरस सेंटिमीटर जागा भिंतीला टेकलेली असते. दाब पसरतो, वेग कमी, वरून तेल वाहत असतं. त्यामुळे भाजण्याचा धोका जवळपास राहत नाही.

मुख्य गंमत अशी की होनचं डोकं सांध्यावर सैल टांगलेलं असतं, किंवा डोकं पक्कं आणि काम सैल ठेवलेलं असतं. डोकं भोकात स्वतःचा आस शोधून घेतं. लांब स्टोन भिंतीवरच्या उंचवट्यांवर आधी टेकतात, तिथेच दाब जास्त पडतो आणि तिथलाच धातू आधी जातो. खड्ड्यांवरून स्टोन नुसता पुलासारखा जातो. असे शेकडो फेरे झाले की उंचवटे संपतात आणि भोक गोल, सरळ होत जातं. मशीन थोडं झिजलेलं असलं तरी चालतं, कारण अचूकपणा स्पिंडलच्या बेअरिंगमधून येत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बोअर तिरकं असेल, क्रँकशी काटकोनात नसेल किंवा जागेवरून सरकलेलं असेल, तर होनिंगने ते सुधारत नाही. डोकं त्या तिरक्या भोकाचाच आस धरतं आणि ते तिरकं भोक सुबक गोल करून देतं. ती दुरुस्ती आधी बोरिंग मशीनवर झालेली असायला हवी.

इथे बाजारातला एक घोळ सांगायला हवा. ड्रिलला लावायचा तीन पायांचा, स्प्रिंगवाला होन सगळीकडे मिळतो आणि त्यालाही होनच म्हणतात. त्याचे पाय स्प्रिंगने भिंतीला चिकटतात, म्हणजे बोअर ओव्हाल असेल तर तेही ओव्हालच्या मागे मागे फिरतात. तो जुन्या बोअरवरची चमक मोडायला ठीक आहे. ओव्हाल किंवा टेपर काढायला मात्र शंकूने पक्के रेटलेले स्टोन लागतात, कारण ते खड्ड्यात शिरत नाहीत. ‘होन मारून दिला’ असं कुणी म्हटलं तर कोणत्या होनने, हे जरूर विचारा.

आता रेघांकडे येऊ. पिस्टनची रिंग बोअरमध्ये सेकंदाला कितीतरी मीटर घसरत असते. तिच्याखाली तेलाची पातळ साय टिकायला हवी, आणि ते तेल टिकतं रेघांच्या दऱ्यांमध्ये. शिवाय नवीन रिंग आणि नवीन बोअर पहिल्या काही तासांत एकमेकांना घासून जुळतात, त्यालाही थोडा खरखरीतपणा लागतो. आरशासारख्या बोअरमध्ये तेल धरून ठेवायला जागा नसते आणि रिंग बसतच नाही. मग तेल वर चढून जळतं आणि कॉम्प्रेशनचा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे असाच एक तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आला. बाहेर एका वर्कशॉपमध्ये रीबोअर झालेला, 0.50 ओव्हरसाइझ पिस्टन घातलेला. धूर निळा, ब्रीदरमधून फुसफुस, आणि तेलाची डिपस्टिक दर आठवड्याला खाली. मालकांनी विचारलं, “भाऊ, बोअर तर काचेसारखे आहेत, मग तेल का पितोय?” हेड काढून पाहिलं तर खरंच काचेसारखे होते. टॉर्च अगदी तिरपी धरल्यावर पुसट रेघा दिसल्या, पण जवळजवळ आडव्या.

रेघ आडवी का पडते हे हिशेबाने सहज कळतं. स्टोनवरच्या एका कणाचा विचार करा. तो गोल फिरतोय आणि खालीवरही होतोय. आडव्या रेषेपासून त्याच्या रेघेचा कोन α धरला, तर

tan α = खालीवर होण्याचा वेग ÷ गोल फिरण्याचा वेग

बोअर 100.5 मिमी आणि होन मिनिटाला 150 फेरे, तर गोल वेग साधारण 47 मीटर प्रति मिनिट होतो. दोन रेघांमध्ये 45 अंश हवेत म्हणजे α हवा 22.5 अंश, त्याचा tan सुमारे 0.41. म्हणजे खालीवर वेग साडेएकोणीस मीटर हवा. स्ट्रोक 140 मिमी असेल तर एका जाण्यायेण्यात 280 मिमी होतात, म्हणून मिनिटाला सुमारे 70 जाणंयेणं. हाताने ड्रिल धरून होन करणाऱ्याला हा वेग भलताच घाईचा वाटतो. बहुतेक जण उलट करतात: ड्रिल 300 वर सोडतात आणि हात संथ, मिनिटाला 40 वेळा. मग गोल वेग 95 मीटर, खालीवर 11 मीटर, आणि दोन रेघांमधला कोन होतो जेमतेम 13–14 अंश. त्या ट्रॅक्टरमध्ये रेघा साधारण अशाच पडल्या होत्या. वर शेवटी बारीक स्टोन बराच वेळ चालवून चमक आणलेली.

दोन रेघांमधला कोन साधारण 40 ते 60 अंशांत ठेवतात. त्यापेक्षा फार सपाट झाला तर रिंग रेघांवरून ठेचकाळत जाते, फार उभा झाला तर तेल दऱ्यांतून खाली वाहून जातं. नेमका आकडा इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकातून घ्यावा.

खोली किती हवी, हा पुढचा प्रश्न. चांगली पद्धत अशी की आधी जाडसर स्टोनने खोल रेघा पाडायच्या, मग बारीक स्टोन हलक्या दाबाने मोजके आठ-दहा स्ट्रोक फिरवून फक्त टोकं कापायची. दऱ्या तशाच राहतात आणि वर सपाट पठारं तयार होतात. रिंग पठारावर चालते, तेल दरीत राहतं. याला प्लेटो होनिंग म्हणतात, आणि इथेच हात आवरता यायला हवा. आठ-दहाच्या जागी साठ स्ट्रोक झाले की दऱ्याच संपतात, बोअर सुंदर दिसतं आणि तेल प्यायला लागतं. म्हणूनच नुसत्या Ra च्या आकड्यावर विसंबू नये. Ra ही चढउताराची सरासरी आहे. टोकदार सुळके असलेला आणि पठार-दऱ्या असलेला असे दोन्ही पृष्ठभाग एकच Ra दाखवू शकतात. मोठ्या कारखान्यांत म्हणून Rpk, Rk आणि Rvk असे तीन आकडे पाहतात: टोकांचा, मधल्या गाभ्याचा आणि दऱ्यांचा.

त्या ट्रॅक्टरमध्ये दुसराही दोष निघाला. डायल बोअर गेज लावून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडवं अशी सहा मापं घेतली. पुस्तकाप्रमाणे बोअर 100.50 ते 100.52 हवं होतं. तिसऱ्या बोअरमध्ये वर आणि मध्ये 100.515, पण खालच्या टोकाला 100.500. मर्यादेत होतं, तरी खाली 15 मायक्रॉन आवळलेलं.

हे का होतं? स्टोन बोअरच्या दोन्ही टोकांबाहेर थोडा निघायला लागतो, साधारण त्याच्या लांबीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. 180 मिमी बोअर, 100 मिमी स्टोन आणि दोन्हीकडे 30 मिमी बाहेर असं धरलं, की वर हिशेबात घेतलेला 140 मिमी स्ट्रोक येतो. स्टोन जास्त बाहेर काढला तर टोकं रुंद होतात, घंटेसारखं तोंड पडतं. कमी काढला तर टोकांना घासणं कमी मिळतं आणि मधला भाग पिंपासारखा फुगतो. ब्लॉकमध्ये खाली मेन बेअरिंगच्या भिंती आडव्या येतात, स्टोन पुरेसा बाहेर जाऊच शकत नाही, म्हणून खालचं टोक आवळलेलं राहण्याची तक्रार नेहमीची. मशीनवर ते लगेच समजतं: होन खाली गेला की लोडचा काटा चढतो, वर आला की उतरतो. हाताने करणाऱ्याला ड्रिलचा आवाज दबल्यावर कळतं.

उपाय असा की लहान स्टोन घ्यायचे, किंवा फक्त खालच्या भागात थोडे आखूड स्ट्रोक द्यायचे आणि काटा सगळ्या स्ट्रोकमध्ये सारखा झाला की थांबायचं. आम्ही खालचं टोक आखूड स्ट्रोकने 100.51 पर्यंत आणलं. मग 220 नंबरच्या स्टोनने तिन्ही बोअर पूर्ण स्ट्रोकमध्ये, नीट वेगाने 100.52 पर्यंत नेले आणि बारीक स्टोनचा हलका हात देऊन सोडले. रिंग नव्या टाकल्या. पिस्टन तेच राहिले, कारण फट अजून पुस्तकातल्या मर्यादेत होती. नशीब इतकंच की आधीच्या माणसाने बोअर वरच्या मर्यादेच्या आत सोडलं होतं. 100.52 च्या पुढे गेलेलं असतं तर पुढच्या ओव्हरसाइझला जावं लागलं असतं.

ताजं रीबोअर असेल तर बोरिंगनंतर होनिंगसाठी व्यासात 0.05 ते 0.08 मिमी सोडतात. बोरिंगच्या टूलने वरचा धातू ओरबाडून फाटलेला असतो; तो थर पूर्ण निघून जाईल एवढा माल लागतो. 0.02 च सोडला तर माप येतं, पण बोरिंगच्या पेचदार रेघा खाली तशाच राहतात.

माप घेताना उन्हाळ्यात विशेष सांभाळावं लागतं. 100 मिमीचं बिडाचं बोअर दर 10 अंशांना 11 मायक्रॉन वाढतं. होनिंग करताना ब्लॉक 20 अंशांनी तापला आणि तसाच मोजून 100.52 आला, तर थंड झाल्यावर तो 100.50 च्याही किंचित खाली भरतो. म्हणून ब्लॉक आणि गेज जुळवायची सेटिंग रिंग दोन्ही एकाच खोलीत थंड होऊ द्यायचे, मग शेवटचं माप. दुसरं असं की डायल बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंवरच मोजतं. पातळ स्लीव्ह लेथच्या तीन जबड्यांत आवळून बोअर केली आणि सोडली, तर ती हलकी तिकोनी होते, पण तिचा व्यास कुठूनही तेवढाच दिसतो. तिथे तीन बिंदूंचं बोअर मायक्रोमीटर फिरवून पाहिल्याशिवाय दोष सापडत नाही. आणि ज्या ब्लॉकचं बोअर हेडचे बोल्ट आवळल्यावर वेडंवाकडं होतं, त्यावर जाड टॉर्क प्लेट हेडच्याच टॉर्कने आवळून मगच होन करतात, म्हणजे इंजिन जोडल्यावर बोअर गोल राहतं.

राहिलं लॅपिंग. यात कण कुठेही बांधलेले नसतात. ते तेलात किंवा ग्रीसमध्ये कालवून पेस्ट करतात आणि ती काम व लॅप यांच्यामध्ये राहते. लॅप कामापेक्षा मऊ धातूचा असतो, कडक पोलादासाठी बीड, तांबं किंवा पितळ. कण मऊ लॅपमध्ये रुततात आणि कडक कामाला कापतात. भोकासाठी चिरलेली नळी घेतात, ती टेपर दांड्यावर सरकवली की किंचित फुलते. जुनी सहाण जशी चंदन उगाळून मध्ये खोलगट होते, तसा लॅपही झिजतो, आणि त्याचा बिघडलेला आकार भोकात उतरतो. म्हणून लॅप वरचेवर मोजावा, दोन्ही बाजूंनी घालून चालवावा आणि बिघडला की बदलावा. माल निघतो फार थोडा, सहसा 5 ते 10 मायक्रॉन. लॅपिंगच्या आधीच भोक जवळपास बरोबर असायला हवं.

याची खरी जागा डिझेल पंपाच्या एलिमेंटमध्ये आहे. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट 2–3 मायक्रॉनची असते, आणि तेवढ्या फटीतून शेकडो बारचा दाब निसटू द्यायचा नसतो. इथे तेलासाठी दऱ्या नकोत, दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आणि एकमेकांना जुळलेले हवेत. म्हणूनच एलिमेंट जोडीनेच बदलतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालत नाहीत. पंपवाले मिस्त्री तो तपासतात तेव्हा बघण्यासारखं असतं: स्वच्छ डिझेलने ओला करायचा, बॅरल तिरका धरायचा, प्लंजर थोडा बाहेर ओढून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने संथपणे, न अडखळता आत सरकायला हवा, आणि प्लंजर फिरवून कुठल्याही कोनातून सोडला तरी तसाच. एका जागी अडला तर तिथे उंचवटा किंवा ओरखडा आहे. सटकन पडला तर झिजलाय.

मग इंजिनाचं बोअर लॅप का करू नये? पहिलं कारण, बीड स्वतःच मऊ आहे; कण त्यातच रुततात आणि पुढे रिंगला आयुष्यभर घासत राहतात. दुसरं, लॅपिंगच्या रेघांना दिशा नसते, मंद राखाडी पृष्ठभाग मिळतो, तेल धरणारी जाळी मिळत नाही. तिसरं, पेस्ट भोकाच्या तोंडाशी साचते आणि तिथेच जास्त कापते, तोंड रुंद होतं. एलिमेंटसारख्या छोट्या भोकातही हाच त्रास आहे, म्हणून अनुभवी कारागीर पेस्ट अगदी थोडी घेतात आणि तोंडाशी आलेली लगेच पुसतात.

मोकळ्या कणांचा हा प्रश्न होनिंगलाही लागू आहे, कारण स्टोनमधून सुटलेले कण दऱ्यांमध्ये बसतात. रॉकेल किंवा डिझेलने धुतलं की तेल निघतं, पण कण तिथेच राहतात. गरम पाणी, साबण आणि ताठ नायलॉन ब्रश घेऊन बोअर घासावं लागतं. मग कोरडं करून इंजिन ऑइल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवावं. ते राखाडी आलं तर परत धुवायचं, फडकं पांढरं येईपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात द्यायचा. पावसाळ्यात उघड्या बिडावर अर्ध्या तासात गंजाची झाक येते.